उत्तर बरोबर, तरी लाल गोल: वहीच्या फोटोतली चूक नेमकी कुठल्या ओळीत?

मेघा_कासारवडवली

नमस्कार मंडळी. मुलगा दहावीत आहे, स्टेट बोर्ड. गणित भाग 1 मधलं वर्गसमीकरणाचं प्रकरण चालू आहे. क्लासच्या चाचणीत एका शाब्दिक उदाहरणाला तीनपैकी एकच मार्क मिळाला आणि उत्तर मात्र गाईडशी तंतोतंत जुळतंय. सरांनी चौथ्या ओळीभोवती लाल गोल केला आहे, शेजारी फक्त "चिन्ह?" असं लिहिलंय. मुलगा रुसून बसलाय, आणि त्याला काय समजवायचं ते मलाच उमगत नाहीये.

उदाहरण असं: एका गाडीने 120 किमी अंतर ठरावीक वेगाने कापले. वेग ताशी 10 किमी जास्त असता, तर 1 तास कमी लागला असता. मूळ वेग काढा.

फोटो जोडला आहे. तो नीट दिसला नाही तर म्हणून मला वाचता आलं तसं टाइप करते:

```
1)  120/(x+10) − 120/x = 1
2)  [120x − 120(x+10)] / [x(x+10)] = 1
3)  −1200 = x² + 10x
4)  x² + 10x − 1200 = 0
5)  (x + 40)(x − 30) = 0
6)  x = −40 किंवा x = 30
```

खाली "वेग ऋण नसतो म्हणून 30 किमी/तास" असं लिहिलंय. ताळाही बरोबर येतो: 30 च्या वेगाने 4 तास, 40 च्या वेगाने 3 तास.

तिसऱ्या ओळीतल्या 1200 च्या आधी वजा आहे की वहीची छापील रेघ, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तो अगदी रेघेवरच लिहितो.

अजय_वाशी

फोटो मोठा करून पाहिला. माझ्या मते ती वहीची रेघच आहे, वजा नाही. म्हणजे तिसरी ओळ 1200 = x² + 10x, तिथून चौथी ओळ सरळ येते आणि पुढचं सगळं निर्दोष आहे. सरांनी घाईत रेघेला वजा समजून मार्क कापलेले दिसतात. तुम्ही जाऊन बोला, मार्क वाढवून मिळतील.

खारेगावचे_मास्तर

अजयराव, थोडं थांबा. तो वजा आहे की रेघ, हे फोटोत डोळे ताणून ठरवण्याआधी आजूबाजूच्या ओळींना विचारू या.

दुसरी ओळ स्वच्छ दिसते, तिच्याबद्दल वाद नाही. अंशात 120x − 120(x+10) आहे. कंस सोडवला की 120x आणि 120x उडतात आणि उरतात वजा 1200. म्हणजे दुसऱ्या ओळीवरून तिसरी ओळ नीट उतरली असेल तर तिथे वजा असलाच पाहिजे. आता दोनच शक्यता राहतात. ती खूण वजा असेल, तर तिसरी ओळ बरोबर आणि चौथीत पक्षांतर करताना चिन्ह चुकलं. ती नुसती रेघ असेल, तर चिन्ह दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये हरवलं आणि चौथी ओळ तिसरीवरून बरोबर आली. कुठलंही वाचन घ्या, दुसऱ्या ओळीपासून चौथीपर्यंत येताना एक चिन्ह बदललेलं आहेच. फोटो फक्त ते कुठे बदललं एवढंच सांगेल.

हस्ताक्षर वाचताना "तिथे काय असायला हवं" ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि डोळा तेच बघतो. गाईडमध्ये 1200 = x² + 10x आहे म्हणून आपण रेघेला रेघ म्हणतो. मुलाच्या बाजूने असं प्रेमाने वाचणं म्हणजे त्याची चूक आपणच पुसून टाकणं. एखादी खूण संशयास्पद असेल, तर तिच्या वरची आणि खालची ओळ वाचावी आणि दोन्ही वाचनं शेवटपर्यंत नेऊन पाहावीत.

सायली_ऐरोली

मी बीएस्सीला आहे, सोसायटीतल्या मुलांची शिकवणी घेते. मास्तरांशी सहमत. वजा धरला तर चूक सरळ चौथ्या ओळीत आहे. −1200 पलीकडे नेलं की + 1200 होतं, म्हणून हवं होतं x² + 10x + 1200 = 0. सरांचा गोल अगदी योग्य जागी आहे. मेघाताई, त्याला पक्षांतराची पाच-सहा उदाहरणं द्या, काम होईल.

खारेगावचे_मास्तर

सायली, ओळ तू बरोबर पकडलीस. पण आता एक कर. तुझी दुरुस्ती घेऊन उदाहरण पुढे सोडव.

सायली_ऐरोली

सोडवलं. x² + 10x + 1200 = 0 चा विवेचक 100 − 4800, म्हणजे −4700. मुळं वास्तव नाहीत. पण गाडी तर आहे, आणि 30 चा ताळाही जुळतो. म्हणजे घोळ आणखी वर आहे. पहिल्या ओळीत?

खारेगावचे_मास्तर

हो, पहिल्याच ओळीत. तिथे 30 घालून बघा. 120/40 म्हणजे 3, 120/30 म्हणजे 4. तीन वजा चार बरोबर वजा एक. त्याने उजवीकडे अधिक एक लिहिलंय. त्याचं स्वतःचं उत्तर त्याच्याच पहिल्या समीकरणात बसत नाही.

मेघाताई, हेच त्याला दाखवा. तुम्ही ताळा उदाहरणातल्या गोष्टीशी घेतलात आणि तो जुळला. तो त्याच्या पहिल्या ओळीशी घ्यायचा राहिला. उत्तर हातात धरून खालून वर चढत जायचं. 30 ही किंमत सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या ओळीत बसते. तिसऱ्या ओळीत घातली तर डावीकडे −1200, उजवीकडे 900 + 300 म्हणजे 1200. फिसकटलं. म्हणजे तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये काहीतरी मोडलंय. त्याच्या वर पार पहिल्या ओळीपर्यंत 30 बसतच नाही.

पहिल्या तीन ओळी आपसात मात्र जुळतात. शंका असेल तर x ला कुठलीही सोयीची किंमत द्या, 10 घ्या. पहिल्या ओळीची डावी बाजू 6 − 12 म्हणजे −6. दुसऱ्या ओळीची डावी बाजू (1200 − 2400) भागिले 200, तीही −6. एकीवरून दुसरी बरोबर आली आहे. त्याची बीजगणिताची हातोटी चांगली आहे. चूक उदाहरणाचं समीकरण करताना झाली: कमी वेळातून जास्त वेळ वजा केला आणि फरक धन लिहिला. पुढे चौथ्या ओळीत दुसरी चूक झाली आणि तिने पहिलीला झाकलं.

म्हणून नुसती पक्षांतराची उदाहरणं देऊन भागणार नाही. पक्षांतर सुधारलं आणि पहिली ओळ तशीच राहिली, तर पुढच्या वेळी त्याला उत्तरच मिळणार नाही. सुधारल्यामुळे निकाल बिघडला असं त्याला वाटेल.

शुभदा_नेरूळ

माझ्या मुलीचंही अगदी असंच झालं, ती अकरावीत आहे. √(2x+3) = x सोडवा असं होतं. तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला, x² − 2x − 3 = 0, उत्तरं 3 आणि −1. मॅडमनी −1 वर काट मारली. इथे −40 टाकून दिलं, तिथे −1. ऋण उत्तर आलं की सरसकट टाकायचं, असंच ना?

सायली_ऐरोली

नाही शुभदाताई, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुमच्या मुलीच्या उदाहरणात −1 मूळ समीकरणात घाला: डावीकडे √1 म्हणजे 1, उजवीकडे −1. बसत नाही. तिची एकही ओळ चुकीची नाही, पण वर्ग केल्यावर एक जादाचं उत्तर आत शिरतं, म्हणून शेवटी तपासावंच लागतं. ते ऋण आहे म्हणून काटलेलं नाही.

इथे समीकरण नीट मांडलं, म्हणजे 120/x − 120/(x+10) = 1, तर −40 त्यात बसतं: −3 − (−4) बरोबर 1. समीकरणाची त्याला हरकत नाही, फक्त गाडीचा वेग −40 असू शकत नाही. तिथे तपास समीकरणाशी, इथे गोष्टीशी.

पाचपाखाडी_प्रसाद

मी ऑनलाइन बॅचच्या वह्या तपासतो, रोज असेच फोटो येतात. मेघाताई, तुमचा फोटो स्कॅनिंग ॲपमधून काळा-पांढरा करून पाठवलेला दिसतोय. अशा फिल्टरने कागद पांढराशुभ्र होतो, पण फिकट गोष्टी उडतात आणि गडद गोष्टी जाड होतात. पेन्सिलीचा बारीक वजा गायब होऊ शकतो, आणि वहीची रेघ गडद असेल तर तिचा तुकडा वजासारखा उरतो. मागच्या पानावरची शाई उमटली असेल तर तीही अक्षरात मिसळते. मुख्य म्हणजे खोडलेलं काही शिल्लक राहत नाही, आणि तपासणाऱ्याला खोडलेलं फार उपयोगी असतं.

फिल्टर काढून साधा रंगीत फोटो घ्या. दिवसा, खिडकीशी, उजेड एका बाजूने तिरका पडेल असा. वरून ट्यूबलाइट नको, हाताची सावली पडते. पेनाने किंवा पेन्सिलीने दाबून लिहिलेलं खोडलं तरी कागदावर चर राहते, ती तिरक्या उजेडात दिसते. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेला फोटो जातो. आणि पानाच्या वरच्या कडेपासून घ्या. तुमच्या फोटोत पहिल्या ओळीच्या वरचं कापलं गेलंय. त्याने "समजा वेग = x" मानला की आणखी काही, हे तिथेच कळेल.

मेघा_कासारवडवली

प्रसादजी, सांगितलंत तसं केलं. नवीन फोटो वर जोडला आहे. वर "समजा मूळ वेग x" असंच लिहिलंय, म्हणजे तिथे काही वेगळं नाही.

तिसऱ्या ओळीतली खूण निळ्या रेघेच्या किंचित वर आहे आणि तिची शाई पेनाचीच आहे. तो वजा आहे. चौथ्या ओळीत 1200 च्या आधी वजाला छेदून जाणारी एक उभी चर दिसते, वर पांढरं करेक्शन पेन फिरवलेलं आहे. म्हणजे त्याने आधी + 1200 लिहिलं होतं!

अजय_वाशी

म्हणजे पक्षांतर त्याला येत होतं. आधी बरोबर लिहिलं, मग बदललं. मग ही चूक कशी म्हणायची? पाठीमागचं उत्तर बघून जुळवलेलं दिसतंय.

पाचपाखाडी_प्रसाद

अजयजी, चाचणीत पाठीमागे उत्तर नसतं. माझा अंदाज वेगळा आहे. मधलं पद फोडायला त्याला गुणाकार 1200 आणि बेरीज 10 येणाऱ्या दोन संख्या हव्या होत्या. 40 आणि 30 चट्कन डोळ्यांसमोर येतात, गुणाकार 1200. बेरीज मात्र 70, आणि फरक 10. फरक 10 हवा असेल तर एक संख्या ऋण असावी लागते, आणि मग गुणाकारही ऋण. म्हणून त्याने अधिकचं वजा केलं असावं. असं बरीच मुलं करतात: समीकरणाला अवयवांच्या मापाचं करून घेतात.

खारेगावचे_मास्तर

अंदाज पटतो, पण अंदाजच आहे. फोटोत चर दिसते, हेतू दिसत नाही. मुलगा घरातच आहे, त्याला विचारावं. "तू इथे काय बदललंस?" एवढंच विचारा. "का बदललंस?" असं विचारलं की मुलं कारण तयार करतात.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी 1977 च्या सुमारास शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधायची एक रीत मांडली. मुलाला आधी प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा, मग काय विचारलंय ते सांगायला, मग कसं सोडवणार ते, मग आकडेमोड करायला, आणि शेवटी उत्तर लिहायला. पहिल्यांदा जिथे अडेल ती जागा धरायची. लाल गोल बहुतेकदा त्याच्या पुढच्या पायरीवर पडतो, कारण तिथे चूक उघडी पडते.

मेघा_कासारवडवली

विचारलं. आधी म्हणाला, "आठवत नाही." मग वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "अवयव पडत नव्हते."

पहिल्या ओळीबद्दल विचारलं तर म्हणाला, "एक तास कमी, म्हणून नवीन वेळेतून जुना वजा केला." त्याने उदाहरणातल्या शब्दांच्या क्रमानेच लिहिलंय. आता हे सुधारायचं कसं?

अजय_वाशी

सोपं आहे. वजाबाकी लिहूच नये, बेरीज लिहावी. "नवीन वेळ + 1 = जुना वेळ". अधिक असलं की चिन्हाचा घोळच होत नाही.

खारेगावचे_मास्तर

काही मुलांना याचा उपयोग होतो. पण बेरीजसुद्धा उलटी लिहिली जाते, कारण "1 तास" कुठल्या बाजूला लावायचा हा प्रश्न राहतोच. 1980 च्या आसपास अमेरिकेत क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थी S, प्राध्यापक P. तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांनी चुकवलं, आणि बहुतेकांनी 6S = P असं लिहिलं. तिथे वजाबाकी नव्हतीच. शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने अक्षरं मांडली गेली.

मी वर्गात हे करवून घ्यायचो. समीकरण लिहिण्याआधी वेगाला एक आकडा द्यायचा, चुकीचा चालेल. समजा 20. जुना वेळ 120 भागिले 20, म्हणजे 6 तास. नवा वेळ 120 भागिले 30, म्हणजे 4 तास. आता विचारायचं, मोठा कुठला? सहा. मग फरक कसा काढशील? सहा वजा चार. तेच आता 20 च्या जागी x घालून लिही. मूल आपोआप 120/x − 120/(x+10) लिहितं. फरक 2 आला, हवा होता 1, म्हणजे 20 बरोबर नाही हेही त्याला दिसतं. 40 घेतलं तर 3 आणि 2.4 तास, फरक 0.6. म्हणजे उत्तर 20 आणि 40 च्या मध्ये आहे. आता जर पुढे x² + 10x + 1200 = 0 आलं आणि मुळंच निघाली नाहीत, तर तो अवयवांच्या मागे लागणार नाही. उत्तर आहे हे त्याला माहीत असेल, म्हणून तो वर जाऊन शोधेल.

त्याला काहीतरी बिनसलंय हे चौथ्या ओळीत कळलं होतं, हे विसरू नका. त्याने दुरुस्ती केली, फक्त सगळ्यात जवळच्या ओळीत केली.

सायली_ऐरोली

याला मी जुळवाजुळवच म्हणेन, मास्तर. बरोबर लिहिलेलं खोडून चुकीचं लिहिलं आणि पुढे गेला. शिकवणीत मी याला सूट दिली तर सगळेच असं करतील.

शुभदा_नेरूळ

पण सरांनी नुसतं "चिन्ह?" लिहिलं, त्यातून त्या मुलाला काय कळणार होतं? चौथ्या ओळीत + लिहिला असता तर उत्तरच आलं नसतं. तेव्हा किती मार्क मिळाले असते?

पाचपाखाडी_प्रसाद

मी असतो तर वहीत पहिल्या ओळीशी "यात 30 घालून बघ" एवढंच लिहिलं असतं. मार्कांचं म्हणाल, तर समीकरण मांडण्याचा मार्क जाणारच, कारण मांडणी उलटी आहे. अवयव आणि ऋण उत्तर नाकारण्याचं कारण यांना मी मार्क देतो. तीनपैकी एक मला कडक वाटतो, दीड दिला असता. माझ्या ओळखीचे काही परीक्षक मात्र मांडणी चुकली की खालचं वाचतच नाहीत.

खारेगावचे_मास्तर

मी एकच दिला असता. चौथी ओळ तिसरीवरून येत नाही, आणि पाचवी-सहावी ओळ तिच्यावर उभी आहे. पण चाचणी परत करताना त्याला शेजारी बसवून पहिल्या ओळीत 30 घालायला लावलं असतं.

मेघा_कासारवडवली

आत्ता त्याच्याकडून 20 घालून करवून घेतलं. समीकरण बरोबर मांडलं. मग मी आकडे बदलून दिले: अंतर 180 किमी, वेग ताशी 15 किमी कमी केला तर 1 तास जास्त लागतो. इथे त्याने आकडा न घालताच 180/x − 180/(x−15) = 1 लिहिलं. पुन्हा उलट. मी काही बोलले नाही. उत्तर काढून ते वरच्या ओळीत घालून बघ, एवढंच सांगितलं आहे. तो अजून विवेचकापाशी अडलेला आहे.

खारेगावचे_मास्तर

अडू द्या. विवेचक 225 − 10800 असा येईल, ऋण. यावेळी करेक्शन पेन जवळ ठेवू नका, आणि तो कुठल्या ओळीकडे परत जातो ते इथे कळवा.